बोल्ट घट्टच होता

वहिनीचा हात मोडला आणि दोष माझ्या ड्रिलवर आला.

वहिनी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नर्स आहे. रोज सकाळी दादाच्या बोटीने जाते आणि संध्याकाळी त्याच बोटीने परत येते. बोट अॅल्युमिनियमची, आमच्याच शेडमध्ये बांधलेली. त्या संध्याकाळी धक्क्याला लागताना लाट जरा आडवी आली. वहिनीने सवयीने कठड्याचा खांब धरला, आणि खांब बुडापासून उपटून तिच्या हातात आला. ती बोट आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यात पडली. दादाने तिला ओढून वर काढलं म्हणून मनगटावरच निभावलं. हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. रोज इतरांना प्लास्टर घालणारी बाई आता पेल्यातलं पाणीही डाव्या हाताने पिते, आणि त्यातलं निम्मं अंगावर सांडते.

तो कठडा मी बसवला होता.

मला घरात सगळे ठिणगी म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं, वेल्डिंग शिकायच्या आधीच, तेव्हा कामाशी त्याचा काही संबंध नाही. काम मी बोटी बांधणाऱ्या एका मोठ्या यार्डात शिकले; गेल्या वर्षी सुट्टी काढून येऊन ही बोट बांधली, ती पाण्यात सोडली आणि परत यार्डात गेले होते. आता कायमची परत आले होते, आमच्याच शेडमध्ये, दादाच्या बरोबरीने काम करायला. आणि आल्या आल्या हे.

"तुझी भोकं मोठी पडली होती," दादा म्हणाला. तो ओरडला नाही, आणि ओरडला नाही हेच वाईट होतं. "मी पाहिलंय. बोल्टापेक्षा भोक एवढं मोठं कोण पाडतं? खांब हलत राहिला असणार, पत्रा झिजत गेला असणार. आता बोटीचं काम मी बाहेरच्या वर्कशॉपला देतो. तू इंजिनांचं बघ. बोटींना हात लावू नकोस."

दादाशी माझी भांडणं लहानपणापासून झाली आहेत. खेळण्यांवरून, सायकलवरून, कुठल्या पान्याला कुठला खण यावरून. पण माझ्या हातावर भरवसा नाही, हे तो पहिल्यांदाच म्हणाला होता.  बाबा स्टुलावर बसून एका लाकडी फळीवरून हात फिरवत होते. त्यांनी वर पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. बाबा आयुष्यभर लाकडी होड्या बांधत आले. बोलायचं असेल तर ते बोलतातच, अडवलं तरी बोलतात. तेव्हा मला ते थोडं विचित्र वाटलं, पण मी स्वतःच्याच रागात होते.

दुसऱ्या दिवशी मी उपटलेला खांब शेडच्या कोपऱ्यातून ओढून बाकावर घेतला. हात लावू नकोस असं बोटीबद्दल सांगितलं होतं, खांबाबद्दल नाही.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की बोल्ट माझे नव्हते. मी बसवले होते स्टेनलेसचे, आणि हे होते पितळेचे, गोल डोक्याचे, चांगले जाडजूड, खाली बशीएवढे रुंद पितळी वॉशर. खांबाच्या पायाला ते अजून तसेच अडकून होते.

"बाबा, हे कोणी बदलले?"

"मी," बाबा म्हणाले. "तू यार्डात परत गेलीस त्यानंतर. गोल डोकी बरी. सूनबाईच्या साडीचा पदर अडकायचा त्या टोकदार डोक्यांना." आणि ते परत फळीकडे वळले.

दुसरी गोष्ट मी पान्याने पाहिली. नट फिरवायला गेले, तर नट जागचा हलेना. सगळी ताकद लावली तेव्हा कुठे कुरकुर करून सुटला. म्हणजे बोल्ट घट्टच होता. पितळही छान होतं, कापडाने पुसलं की चकाकत होतं. मग खांब सुटला कसा? मी बोटीवर चढून डेकवर पाहिलं. जिथे खांबाचा पाय होता तिथे पत्र्याच्या भोकाभोवती पांढरी भुकटी साचली होती, पिठासारखी. नखाने खरवडली, तर खाली पत्रा कुरतडल्यासारखा झाला होता. वॉशरच्या खालचा पत्रा तर असा पातळ झाला होता, की अंगठ्याने दाबला तर वाकला. बोल्टाच्या दोन बोटं पलीकडे मात्र पत्रा ठणठणीत.

नट सैल होऊन खांब सुटला असता, तर मी मान्य केलं असतं. भोक घासून घासून मोठं झालं असतं, तर कडा गुळगुळीत चमकल्या असत्या. इथे कडा खाल्ल्या गेल्या होत्या. बोल्ट जिवंत आणि पत्रा मेलेला, हे काय गौडबंगाल?

मी पलीकडच्या बाजूचा खांब खोलला. तिथे माझेच बोल्ट होते. भोक जसं पाडलं होतं तसंच, गोल आणि स्वच्छ. दादाला बोलावून दाखवलं.

"तिकडे कोणी धरतच नाही," दादा म्हणाला. "धक्क्याच्या बाजूला माणसं चढतात, उतरतात, लोंबकळतात. बेकार जागेवरचा खांब टिकला म्हणून तुझं काम चांगलं असं होत नाही."

यात चूक काढता येईना, याचाच राग आला.

वहिनी मात्र घरी बसून कंटाळली होती. तिला बसायची सवय नाही. ती दुपारी शेडमध्ये यायला लागली, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायला लागली. मी भुकटी दाखवली तर तिने ती नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"हे गंजासारखं तांबडं का नाही?"

"तांबडा गंज लोखंडाचा. अॅल्युमिनियमचा पांढरा येतो."

"पण अॅल्युमिनियम वर्षभर पाण्यातच आहे, मग बोटीचं बूड का नाही असं झालं? इथेच का?"

दादाला हा प्रश्न पडला नव्हता. मलाही नेमका असा पडला नव्हता, आणि मी तर चिडण्यातच वेळ घालवत होते. वहिनीचा प्रश्न ऐकून माझा राग जरा बाजूला सरकला. यार्डात एक म्हातारी सुपरवायझर होती, ती बोल्ट बसवताना प्रत्येक वेळी ओरडायची, "धातूला धातू भिडू देऊ नका!" आम्ही का ते विचारलं की ती म्हणायची, "मीटर लावून बघा." मी कधी लावून बघितलं नव्हतं. शिकवलं तसं करत होते.

"वहिनी, बरण्या मिळतील का?"

वहिनीने दवाखान्यातून झाकणाच्या रिकाम्या बरण्या मागवल्या, गोळ्यांच्या. मी धक्क्यावरून बादलीभर समुद्राचं पाणी आणलं. डेकच्याच उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. एका बरणीत पट्टी आणि बाबांचा पितळी बोल्ट, एकमेकांना न टेकवता. वरून दोन्हींना वीज मोजायच्या मीटरच्या तारा.

मीटरचा आकडा हलला. अर्ध्या व्होल्टाच्या आसपास.

"म्हणजे ही बॅटरी झाली?" वहिनी म्हणाली.

"बॅटरीच. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू, आणि ते कुठेतरी एकमेकांना जोडलेले. झाली बॅटरी. आणि बॅटरीत एक धातू खर्ची पडतो. दोघांत जो जास्त सहज विरघळतो, तो. इथे अॅल्युमिनियम."

बाबा कधी उठून मागे येऊन उभे राहिले, कळलंही नाही. लाकूड रंधताना जसे डोळे बारीक करतात तसे डोळे करून ते मीटरकडे बघत होते.

"पण बोटीवर तारा कुठे होत्या?" त्यांनी विचारलं.

"बोटीवर तार लागत नाही, बाबा. बोल्ट पत्र्याला घट्ट आवळला की तीच तार. जितका घट्ट, तितकी चांगली तार. आणि डेकवर लाटांचं पाणी उडतंच, पायाखाली साचून राहतं. तेच बरणीतलं पाणी."

"म्हणजे पितळ सडत नाही, हे खरं."

"खरंच. पितळ अॅल्युमिनियमच्या जिवावर मजेत राहतं."

बाबा हसले नाहीत. "लाकडात असं काही नव्हतं," एवढंच म्हणाले. त्यात कुरकुर नव्हती, ते स्वतःशी हिशेब जुळवत होते. लाकडी होडीत लोखंडी खिळा गंजून लाकूडही खराब करतो, म्हणून बाबांच्या काळात पितळ किंवा तांबं हाच मानाचा खिळा. त्यांच्या पेटीतले बोल्ट त्या मानाने जपलेले होते, फडक्यात गुंडाळून.

मी मात्र आता जोरात आले होते. "आता माझा बोल्ट बघा," म्हणत पितळ काढून दुसऱ्या बरणीत माझा स्टेनलेसचा बोल्ट टाकला आणि मीटर लावला.

आकडा पितळेपेक्षा जास्त आला.

मला वाटलं तार चुकली. परत लावली. परत तेच. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं, कारण माझा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला असणार. माझा स्टेनलेस, ज्याच्या जोरावर मी दादाशी भांडायला निघाले होते, तो अॅल्युमिनियमला पितळेहून परका निघाला होता.

"मग तुझा खांब का नाही पडला?" वहिनीने विचारलं.

बाबाच पुढे सरसावले. मीटरची कळ फिरवून ती व्होल्टवरून करंटवर आणली. या माणसाने मीटरला हात लावलेला मी आजवर पाहिला नव्हता. "नुसता जोर बघून काय उपयोग? पाणी वाहतं किती, ते बघ," ते म्हणाले. आता पितळेचा आकडा स्टेनलेसच्या वर होता. स्टेनलेसचा सुरुवातीला उसळला आणि मग हळूहळू खाली आला. त्याच्या अंगावर एक बारीकसा पापुद्रा असतो, तो करंट अडवतो, एवढं मला यार्डात ऐकून माहीत होतं. तरी तो शून्य नव्हता. माझा बोल्टही पत्रा खात होता, फक्त जरा सावकाश. अशाने वर्षभरात भोक इतकं स्वच्छ राहिलं नसतं.

मी पलीकडच्या खांबातून काढलेला बोल्ट परत हातात घेतला. आणि मग हसायलाच आलं, कारण उत्तर त्याच्या अंगावरच होतं. बोल्टाभोवती पांढरी नायलॉनची नळी, डोक्याखाली आणि नटाखाली नायलॉनचे वॉशर, वर फटी बुजवणारं सीलंट. सुपरवायझरने सांगितलं म्हणून घातलेलं. माझ्या हाताला त्याची इतकी सवय होती, की डोक्याला ते दिसेनासं झालं होतं.

मी नळी घातलेला बोल्ट पट्टीच्या भोकातून घालून, नायलॉनचे वॉशर लावून आवळला. मीटरची कळ बीपवर फिरवली, म्हणजे दोन टोकांमध्ये विजेला सलग वाट असली की तो वाजतो, आणि एक टोक बोल्टाला, एक पट्टीला लावलं. बोल्ट पट्टीला धरून होता, पण दोघांमध्ये तार नव्हती. मीटर गप्प. मग नळी काढून तोच बोल्ट नुसता आवळला. मीटर लगेच बीप करायला लागला.

"परत कर," वहिनी म्हणाली. मी परत केलं. तिने डाव्या हाताने स्वतः करून पाहिलं. नळी घातली की गप्प, काढली की बीप. ती लहान मुलासारखी हरखली होती. "म्हणजे धातू कुठलाही असो, शिवाशिव होऊ दिली नाही की झालं!"

"पाणी आणि शिवाशिव दोन्ही लागतात. एक तोडलं की बॅटरी बंद. पाणी समुद्रात तोडता येत नाही, सीलंटने थोडंफार अडवता येतं. म्हणून शिवाशिव तोडायची. आणि एकाच जातीचा धातू वापरता आला तर त्याहून उत्तम, भांडणच नाही."

आमचा हा खेळ पुढे बरेच दिवस चालला. बाकावर बरण्यांची रांग लागली. एकीत पितळी बोल्ट आवळलेली पट्टी, एकीत नुसता स्टेनलेस, एकीत नायलॉनचा अंगरखा घातलेला, एकीत एकटीच पट्टी, आणि वहिनीच्या हट्टापायी एकीत नळाचं पाणी. वहिनी रुग्ण तपासावे तशी सकाळी बरण्या बघायची. पितळेच्या बरणीत पट्टीवर आधी बुडबुडे, मग पांढरी साय, मग कापसासारखा लोंबता गाळ. नुसत्या स्टेनलेसमध्ये तेच, पण थोडं. नळाच्या पाण्यात फारसं काही नाही. नायलॉनच्या बरणीतली पट्टी एकट्या पट्टीसारखीच, जरा मळलेली, पण धडधाकट.

बाबांनी तिथेच आणखी एक उद्योग केला. पितळ आणि पट्टी अशा बरण्या एकामागे एक तारेने जोडल्या आणि शेडमधलं सेल संपून बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यावर लावलं. तीन बरण्यांनी काटा नुसता थरथरला. चौथी जोडली आणि घड्याळ चालायला लागलं. सेकंदाचा काटा टकटक पुढे जात होता, आणि त्या प्रत्येक ठोक्याला पट्टीतलं थोडं अॅल्युमिनियम विरघळत होतं. बाबा त्या घड्याळासमोर बराच वेळ उभे होते. मी चहा नेऊन दिला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मी दादाला बोलावलं. तो आला, हाताची घडी घालून उभा राहिला, आणि मी वहिनीकरवी सगळं दाखवलं. बायकोने सांगितलं तर तो निदान मध्ये बोलत नाही.

"हे होतं, तर बोटीखाली जस्ताचा ठोकळा कशाला लावलाय?" त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता.

"ठोकळा खालच्या पाण्यातल्या भागाला वाचवतो. तो अॅल्युमिनियमच्याही आधी स्वतः खर्ची पडतो. पण तो पाण्यात, खांब डेकवर. दोघांच्या मध्ये सलग पाणीच नाही, मग तो वरचं कसं वाचवेल? आणि त्या ठोकळ्याला तू रंग लावलास ना?"

"छान दिसावा म्हणून."

"रंगाच्या आत तो झोपून राहतो. खरवडून काढ." मी जोरातच बोलले, मग आवाज खाली आणला. "आणि डेकवरसुद्धा तू पत्रा रंगवलास आणि पितळ उघडं ठेवलंस. पत्र्यावर कुठे ओरखडा गेला की सगळी भूक त्या ओरखड्यावर येते. पितळ मोठं आणि उघडा पत्रा एवढासा. वर ते बशीएवढे वॉशर. रंगवायचंच तर पितळही रंगवायचं."

दादाने घडी सोडली. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं. "आणि ती नावाची पाटी?"

पाटीचा किस्सा आमच्या घरात प्रसिद्ध होता. बोटीच्या नावाची स्टीलची मोठी पाटी दादाने अॅल्युमिनियमच्या रिव्हेटांनी ठोकली होती. पावसाळा सरता सरता ती गायब झाली. दादाने धक्क्यावरच्या सगळ्यांना चोर ठरवलं, समोर जाळी विणत बसणाऱ्या जाळीवाल्याशी तर आजवर बोलत नाही.

"पाटी मोठी, रिव्हेट एवढेसे," वहिनी म्हणाली. "खाऊन टाकले असतील पाटीने."

दादाच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला सगळ्या भांडणांचं व्याज मिळाल्यासारखं झालं. पण ते टिकलं नाही. कारण तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ते सगळं ठीक. पण भोकं मोठी होती ती होतीच. बाबांनी जाड बोल्ट घातला तो त्याशिवाय बसला असता का?"

"नळीसाठी मोठी पाडली होती!" मी म्हणाले. "बोल्ट अधिक नळी, एवढं भोक लागतं. नळी काढून टाकली म्हणून मोठं वाटलं. कोणी काढली नळी?"

 घड्याळ टकटक करत होतं.

"मी," बाबा म्हणाले.

ते स्टुलावर बसले. फडक्याने हात पुसत राहिले, हात स्वच्छच होते तरी.

"सूनबाईच्या पदराचं मी सांगितलं, ते काही खरं नाही. एक दिवस खांब बघायला खोलला, तर बोल्ट बारीक आणि भोक मोठं. आणि मधल्या फटीत प्लास्टिक कोंबलेलं. मला वाटलं, पोरीच्या हातून भोक चुकलं आणि तिने प्लास्टिकची पट्टी घालून लपवलं. लाकडात असं कोणी केलं असतं तर मी कान धरला असता. पण तू नुकतीच यार्डात परत गेली होतीस. दादाला कळलं तर तो बोलेल, चार लोकांत होईल. म्हणून मी ते प्लास्टिक काढून फेकून दिलं, माझ्या पेटीत जाड बोल्ट होते तेवढे धक्क्याच्या बाजूला घातले, आणि कोणाला काही बोललो नाही. तुझी चूक मी झाकली, असं मला वाटत होतं." त्यांनी फडक्याची घडी घातली. "त्या दिवशी दादा तुला बोलला, तेव्हाही गप्प बसलो. मला वाटलं, भोकं तर मोठी होतीच, आता आणखी काय बोलायचं. ज्याला चूक म्हणून झाकलं तेच बरोबर होतं. सूनबाईचा हात तुझ्या भोकाने नाही मोडला. माझ्या पितळेने मोडला."

मला रडू आलं. रागाचं नव्हतं. बाबांनी एवढ्या प्रेमाने माझ्या बरोबर कामाचा निकाल लावला होता, आणि भोक एवढं मोठं का, हे त्यांनी मला कधी विचारलंच नव्हतं, कारण माझा राग नाकावर असतो आणि त्यांना माझं मन दुखवायचं नव्हतं. हे कळलं आणि कोणावर चिडावं हेच कळेना.

वहिनी उठली. प्लास्टरचा हात सावरत बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाबा, हात मोडला तो मोडला, जुळून येतोय. पण तुम्ही एवढे दिवस हे एकट्याने पोटात घेऊन बसलात, याचा मला राग आलाय." मग तिने घड्याळाकडे बोट केलं. "आणि हे बंद करू नका. मला बघायचंय किती दिवस चालतं."

 दादा कधी सॉरी म्हणत नाही, त्याच्या तोंडात तो शब्दच बसत नाही. तो गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात ग्राइंडर होता. "खाल्लेला पत्रा कापून काढायला हवा," तो म्हणाला. "मी कापतो. नवा तू वेल्ड कर." आणि तेवढ्यावरच बाहेरच्या वर्कशॉपचा विषय संपला.

पुढच्या काही दिवसांत आम्ही कठडा परत उभा केला. कुरतडलेला तुकडा काढला, नवा पत्रा वेल्ड केला. खांबाच्या पायाखाली रबराची चकती घातली, म्हणजे खाली पाणी साचणार नाही. दादाने खाली जाऊन जस्ताचा ठोकळा खरवडून उघडा केला, आणि जाताना समोरच्या जाळीवाल्याला "काय, बरं चाललंय ना?" असं विचारून आला. जाळीवाला इतका दचकला की हातातली सुई पाण्यात पडली. पाटीसाठी आम्ही अॅल्युमिनियमचीच पाटी कापली. एका जातीची, म्हणजे भांडणाला जागाच नको.

भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मी ड्रिलला बिट लावत होते. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या मुठीत नायलॉनच्या नळ्या होत्या. त्यांना सगळं माहीत झालं होतं. बरण्या त्यांनी माझ्याहून जास्त बघितल्या होत्या. नळी बसवायला आणि बोल्टाला सीलंट लावायला ते मला शिकवण्याइतके तयार झाले होते.

तरी त्यांनी खडूच्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ठिणगे, हे भोक एवढं मोठं का पाडतेस?"

मी ड्रिल बाजूला ठेवलं, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.